ज्येष्ठांचा ई-मेल : अक्षरे मोठी केली, तरी पत्र नजरेआड का राहते?

नवी दिल्ली : केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला सादर करावा लागतो. वयाची ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना ही मुभा १ ऑक्टोबरपासूनच मिळते. दाखला वेळेत पोहोचला नाही, तर तो मिळेपर्यंत निवृत्तिवेतन थांबते. या कामाची आठवण करून देणारे पत्र आता बहुधा बँकेकडून ई-मेलने येते. मुदत ठेवीची मुदत संपल्याची सूचना, प्राप्तिकर विभागाचे पत्र, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल हेही त्याच वाटेने येते. पत्र वेळेवर येते. पण ज्याच्यासाठी ते आलेले असते, त्याच्या नजरेस ते पडेलच असे नाही.

घरातील तरुण मंडळी यावर सहसा एकच उपाय करतात. फोनमधील अक्षरांचा आकार शेवटच्या टोकापर्यंत वाढवून फोन परत हाती देतात. चार दिवसांनी पुन्हा तक्रार येते. पत्र सापडत नाही, आलेले पत्र नाहीसे झाले, अर्धेच दिसते. याचे कारण असे, की ई-मेलमध्ये अक्षर मोठे केले की दुसरे काहीतरी पडद्याबाहेर जाते. मोठी अक्षरे, वाचून दाखवणारा आवाज आणि आटोपशीर इनबॉक्स हे तिन्ही उपाय उपयुक्त आहेत. मात्र प्रत्येक उपायाने काय झाकले जाते, हे ठाऊक असले तरच त्यांचा लाभ होतो.

एक प्रातिनिधिक उदाहरण

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, इंदूरला राहणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईंचे उदाहरण घेऊ. त्यांच्याकडे साडेसहा इंची पडद्याचा अँड्रॉइड फोन आहे आणि त्यात जीमेल आहे. जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो, बोटांना किंचित कंप आहे. मुलगी पुण्यात असते आणि दिवाळीच्या सुटीत चार दिवसांसाठी घरी आली आहे. आईला बँकेचे पत्र स्वतः वाचता आणि शोधता यावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.

पुढे दिलेली पर्यायांची नावे इंग्रजी भाषेत ठेवलेल्या फोनवर दिसतात तशी दिली आहेत. फोन मराठीत ठेवला असेल, तर तीच नावे मराठीत दिसतील. कंपनीनुसार शब्दांत थोडा फरक पडतो. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या फोनवर अक्षरांचा पर्याय 'Font size and style' या नावाने आढळतो.

अक्षर किती मोठे असावे?

जीमेलच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये वाचण्याच्या अक्षरांसाठी वेगळा पर्याय नाही. ते फोनच्या मुख्य सेटिंगप्रमाणे चालते. त्यासाठी फोनच्या 'Settings' मधील 'Display' या भागात 'Display size and text' उघडावे लागते. तेथे दोन वेगवेगळ्या पट्ट्या असतात. 'Font size' या पट्टीने केवळ अक्षरे वाढतात. 'Display size' या पट्टीने अक्षरांबरोबर बटणे, चिन्हे आणि मोकळ्या जागाही वाढतात. ज्यांना दिसण्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी पहिली पट्टी महत्त्वाची आहे. ज्यांचे बोट नेमके बटणावर पडत नाही, त्यांना दुसरीचा उपयोग होतो. दोन्ही पट्ट्या एकदम टोकाला नेल्या, तर पडद्यावर एक-दोन पत्रांपेक्षा जास्त काही मावत नाही आणि यादी चाळताना वाट चुकते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून अक्षरे मूळ आकाराच्या २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर त्यापूर्वी ही मर्यादा १३० टक्के होती. या आवृत्तीत वाढ सरसकट होत नाही. लहान अक्षरे अधिक वाढतात, तर आधीच मोठी असलेली शीर्षके तुलनेने कमी वाढतात. त्यामुळे शीर्षकांनी पडदा व्यापून टाकण्याचा प्रकार पूर्वीपेक्षा कमी झाला आहे.

देवनागरी वाचणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी असते. रोमन लिपीत अक्षर एकाच रेषेवर बसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. एवढे सगळे त्याच उंचीत बसवायचे असल्याने मूळ अक्षराच्या वाट्याला कमी जागा येते. म्हणूनच इंग्रजी पत्र सहज वाचणाऱ्या व्यक्तीला त्याच सेटिंगवर मराठी पत्र बारीक वाटते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' किंवा '५' आणि '६' यांत गफलत होते. अक्षरांचा आकार ठरवताना इंग्रजी शब्द दाखवून उपयोग नाही. चाचणी मराठी पत्रावरच घ्यावी. अक्षर बारीक नसून फिकट वाटत असेल, तर त्याच भागातील 'Bold text' हा ठळक अक्षरांचा पर्याय सुरू करावा. अनेकदा आकार आणखी वाढवण्यापेक्षा त्याचाच अधिक उपयोग होतो.

चाचणीची पद्धत सोपी आहे. वापरणाऱ्या व्यक्तीने नेहमीचा चष्मा लावावा, नेहमीच्या खुर्चीत, संध्याकाळच्या दिव्यात बसावे आणि फोन नेहमीच्या अंतरावर धरावा. इनबॉक्समधील एका पत्रावरचे पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि तारीख मोठ्याने वाचावी. वाचताना फोन डोळ्यांजवळ आणावा लागला, तर आकार एक पायरी वाढवावा. विषयाचे पहिले तीन-चार शब्दही एका ओळीत मावत नसतील, तर आकार एक पायरी कमी करावा. इंदूरच्या बाईंच्या बाबतीत पट्टी टोकाच्या दोन पायऱ्या अलीकडे थांबते आणि अक्षरे ठळक केली जातात. पूर्वी पडद्यावर सात-आठ पत्रे दिसत, आता चार दिसतात. पण ती चारही वाचता येतात.

तरीही एक घोटाळा शिल्लक राहतो. यादी मोठी दिसते आणि पत्र उघडले की आतला मजकूर पुन्हा बारीक होतो. बँकांची अनेक पत्रे ठरावीक रुंदीच्या चौकटीत, संगणकाचा पडदा डोळ्यांसमोर ठेवून मांडलेली असतात. जीमेलमध्ये 'General settings' या भागात 'Auto-fit messages' असा पर्याय आहे. तो सुरू असेल, तर असे रुंद पत्र फोनच्या पडद्यात बसवण्यासाठी आक्रसले जाते आणि अक्षरेही त्याबरोबर लहान होतात. हा पर्याय बंद केला, की अक्षरे मूळ आकारात दिसतात. मात्र ओळ वाचताना पडदा आडवा सरकवावा लागतो. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी पर्याय तसाच ठेवून दोन बोटांनी मजकूर ताणून मोठा करावा. ही सवय एकदा शिकवावीच लागते. पट्टी कितीही पुढे सरकवली, तरी असे पत्र त्या प्रमाणात मोठे होत नाही.

मोठ्या अक्षरांत पत्ता हरवतो

अक्षरे मोठी झाली, की ओळीचा शेवट कापला जातो. ई-मेलच्या पत्त्यात तर शेवटालाच खरे महत्त्व असते. पत्त्याच्या सुरुवातीला कोणीही बँकेचे नाव लिहू शकतो. पत्ता कोणाच्या मालकीचा आहे, हे अखेरच्या भागावरून कळते. शिवाय जीमेल यादीत पत्ता दाखवतच नाही. तेथे केवळ नाव दिसते आणि ते पाठवणाऱ्याने स्वतःच निवडलेले असते. ठळक, मोठ्या अक्षरांत बँकेचे नाव वाचणाऱ्या ज्येष्ठाचा त्यावर सहज विश्वास बसतो. वाचण्याची सोय वाढते, त्याबरोबर फसवणाऱ्याचीही सोय होते.

यावरचा उपाय एका टिचकीचा आहे. पत्र उघडल्यावर पाठवणाऱ्याच्या नावाखाली 'to me' असे शब्द आणि शेजारी खाली वळलेला छोटा बाण दिसतो. त्यावर टिचकी मारली, की पाठवणाऱ्याचा संपूर्ण पत्ता आणि तारीख उघडते. बाईंना मुलगी नेमके हेच शिकवते. "आई, नावावर जाऊ नकोस. बाण दाब आणि पत्त्याचा शेवट वाच." टपालाच्या पिशवीतील पत्रांची विभागणी करताना पाकिटावरचा पिनकोड पाहण्याची सवय असलेल्या बाईंना ही गोष्ट लगेच पटते.

बँकांच्या बाबतीत एक खूण आता उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या अखेरीच्या पत्त्यावर नेण्यास सांगण्यात आले होते. ही अखेर केवळ बँकांनाच मिळू शकते. त्यामुळे पत्रातील दुवा उघडला असेल, तर वरच्या पत्त्यात पहिल्या तिरक्या रेषेपूर्वीचा शेवटचा भाग `.bank.in` आहे का, हे पाहावे. हे शब्द पत्त्याच्या मध्ये कुठेतरी असून त्यापुढे आणखी टिंब आणि दुसरे नाव येत असेल, तर तो पत्ता बँकेचा नाही. मोठ्या अक्षरांत पत्ता पूर्ण दिसत नसेल, तर दुवा न उघडता बँकेचे स्वतःचे अ‍ॅप वापरणे किंवा पासबुकावरील क्रमांकावर विचारणे अधिक सुरक्षित ठरते. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

वाचून दाखवणारा आवाज

दोन-तीन ओळी वाचणे जमते, पण लांब पत्र वाचताना डोळे थकतात, अशा ज्येष्ठांसाठी फोनने पत्र वाचून दाखवणे हा चांगला पर्याय आहे. अँड्रॉइडमध्ये यासाठी दोन साधने आहेत आणि त्यांत गल्लत केली, की मोठी अडचण होते.

पहिले साधन 'Select to Speak'. फोनच्या 'Settings' मधील 'Accessibility' या भागात ते सुरू करता येते. सुरू केल्यावर पडद्याच्या कडेला एक छोटे बटण येते. पत्र उघडायचे, ते बटण दाबायचे आणि जो परिच्छेद ऐकायचा आहे त्यावर टिचकी मारायची. पडद्यावरील सर्व मजकूर ऐकायचा असेल, तर वाचन सुरू करण्याचे चिन्ह दाबायचे. मध्येच थांबवता येते, मागे-पुढे जाता येते. फोन वापरण्याची बाकी पद्धत बदलत नाही. थोडेफार दिसणाऱ्या ज्येष्ठांसाठी हेच साधन योग्य आहे.

दुसरे साधन 'TalkBack'. ते प्रामुख्याने दृष्टिहीनांसाठी आहे. ते सुरू झाले, की फोन वापरण्याची रीतच बदलते. एका टिचकीने वस्तू केवळ निवडली आणि उच्चारली जाते. ती उघडण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते. पडदा सरकवण्यासाठी एकाऐवजी दोन बोटे लागतात. ज्याला हे शिकवलेले नाही, त्याला फोन बिघडल्यासारखे वाटते. अनेक फोनांवर आवाज कमी-जास्त करण्याची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरली, की 'TalkBack' सुरू होते. फोन घट्ट पकडताना ते नकळतही घडू शकते. प्रत्येक स्पर्शाला फोन बोलू लागला, तर हीच दोन्ही बटणे पुन्हा तशीच दाबून धरावीत, म्हणजे ते बंद होते. ही एक सूचना कागदावर लिहून फोनच्या पाकिटात ठेवलेली बरी.

आवाजाची भाषा आणि गती वेगळ्या ठिकाणी ठरते. 'Accessibility' मध्येच 'Text-to-speech output' हा भाग आहे. गूगलच्या वाचन यंत्रणेत मराठी आवाज उपलब्ध आहे; तो येथे निवडून एकदा उतरवून घ्यावा लागतो. गतीची पट्टी मधल्या खुणेपेक्षा थोडी अलीकडे ठेवली, तर आकडे आणि तारखा नीट कळतात. बाईंसाठी मुलगी रकमेचा आणि तारखेचा उल्लेख असलेले जुने पत्र लावून पाहते आणि दोन्ही गोष्टी एका ऐकण्यात बरोबर सांगता येतील, एवढी गती कमी करते.

या सोयीच्या मर्यादाही स्पष्टपणे लक्षात घ्यायला हव्यात. इंग्रजी आवाज निवडलेला असेल, तर देवनागरी मजकूर नीट वाचला जात नाही. रोमन लिपीत लिहिलेली मराठी तर त्याहून कठीण. मुलगा परदेशातून 'Aai, paise pathavle aahet' असे लिहितो; इंग्रजी आवाज त्याचा उच्चार इंग्रजी शब्द समजून करतो आणि आईच्या हाती काहीच लागत नाही. येथे बदल पाठवणाऱ्याने करायचा आहे. फोनच्या कळफलकावर रोमन अक्षरे टंकून देवनागरी मजकूर उमटवण्याची सोय आहे. ती वापरली, तर तेच पत्र मराठी आवाजात स्वच्छ ऐकू येते.

दुसरी मर्यादा चित्रांची. अनेक कंपन्या संपूर्ण पत्रच एका चित्राच्या रूपात पाठवतात. डोळ्यांना ते मजकुरासारखे दिसते, पण त्यात अक्षरे नसतात. म्हणून ती मोठीही होत नाहीत आणि सहसा वाचलीही जात नाहीत. फोन पत्राचा विषय वाचून मध्येच गप्प झाला, तर बहुधा हेच कारण असते. जोडपत्रांचेही तसेच. पासवर्ड लावलेले बँकेचे विवरणपत्र उघडल्याशिवाय आवाज त्यातील काहीही वाचू शकत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाज सगळ्यांना ऐकू जातो. बँकेत, रेल्वेत किंवा दवाखान्यात बसून पत्र ऐकायचे असेल, तर कानात इअरफोन हवा. खात्यातील शिल्लक किंवा एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक चारचौघांत मोठ्याने वाचला जाता कामा नये.

पत्र नाहीसे होते ते कसे?

"काल होते, आज नाही," ही तक्रार ज्येष्ठांकडून वारंवार ऐकू येते आणि ती बहुधा खरी असते. जीमेलच्या यादीत पत्रावरून बोट आडवे फिरले, की ते पत्र इनबॉक्समधून बाहेर काढून संग्रहात टाकले जाते. पत्र पुसले जात नाही, पण समोरून जाते. कापऱ्या बोटाने यादी वर सरकवताना ते थोडे तिरके गेले, तरी असे घडते. असे पत्र डावीकडच्या मेन्यूतील 'All mail' मध्ये सापडते. खरोखरच पुसलेले पत्र 'Bin' मध्ये ३० दिवस राहते.

म्हणून इनबॉक्स सोपा करण्याची सुरुवात रंगरूपापासून नव्हे, तर येथून करावी. जीमेलच्या 'General settings' मध्ये 'Swipe actions' हा पर्याय उघडून डावी आणि उजवी अशा दोन्ही दिशांसाठी 'None' निवडावे. त्याच यादीत खाली पत्र पुसण्यापूर्वी, संग्रहात टाकण्यापूर्वी आणि पाठवण्यापूर्वी विचारणा करण्याची सोय आहे. तीही सुरू करावी. 'Conversation view' बंद केल्यास एका विषयावरची अनेक पत्रे एकाखाली एक गुंडाळली जात नाहीत, प्रत्येक पत्र स्वतंत्र ओळीत दिसते. 'Conversation list density' मध्ये 'Comfortable' निवडले, तर यादीत जोडपत्रांच्या पट्ट्या दिसत नाहीत आणि चुकून त्यांवर बोट पडत नाही.

यानंतर कप्प्यांचा प्रश्न येतो. जीमेलने २०१३ पासून आलेली पत्रे 'Primary', 'Social', 'Promotions', 'Updates' अशा कप्प्यांत विभागण्यास सुरुवात केली. ही विभागणी यंत्र करते. बँकेचे पत्र त्याला कधी सूचना वाटते, कधी जाहिरात. बाई केवळ पहिला कप्पा उघडतात आणि हयातीच्या दाखल्याची आठवण दुसऱ्याच कप्प्यात पडून राहते. सगळे कप्पे बंद केले, तर सर्व पत्रे एकत्र येतात खरी, पण दुकानांच्या जाहिरातींच्या गर्दीत बँकेचे पत्र पुन्हा हरवते.

त्यामुळे आधी गर्दी कमी करायला हवी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने दिवसाला ५ हजारांहून अधिक पत्रे जीमेल खात्यांना पाठवणाऱ्यांवर काही अटी घातल्या आहेत. जाहिरातींची पत्रे एका टिचकीने थांबवता आली पाहिजेत आणि ही विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे, अशी त्यांतील एक अट आहे. पत्राच्या वरच्या भागात जीमेलने स्वतः दाखवलेला 'Unsubscribe' हा शब्द दाबला, की हे काम होते. २०२५ मध्ये जीमेलने मेन्यूत 'Manage subscriptions' हा भागही आणला असून तेथे अशा सर्व प्रेषकांची यादी एकत्र दिसते. अनोळखी पत्राच्या पोटात तळाशी दिलेला तसाच दुवा मात्र दाबू नये. तो कुठे नेईल, हे सांगता येत नाही.

चांदणीची युक्ती

गर्दी कमी झाल्यावर महत्त्वाची पत्रे वर आणायची असतात. बाईंच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रेषक तीनच आहेत : निवृत्तिवेतन देणारी बँक, रुग्णालय आणि मुलगी. या तिघांकडून आलेल्या पत्रावर आपोआप चांदणी उमटावी आणि चांदणीची पत्रे सर्वांत वर दिसावीत, अशी व्यवस्था करता येते. त्यासाठीची गाळणी फोनवरील अ‍ॅपमध्ये तयार होत नाही. ती एकदा संगणकावर करावी लागते. पुढे ती फोनवरही लागू राहते.

संगणकावर जीमेल उघडून 'Settings' मधील 'Filters and Blocked Addresses' या भागात नवी गाळणी तयार करावी. प्रेषकाच्या रकान्यात तिन्ही पत्ते `OR` या शब्दाने जोडून लिहावेत. नमुन्यादाखल :

```
bank@example.com OR rugnalay@example.com OR mulgi@example.com
```

येथे नमुन्याच्या पत्त्यांऐवजी खरे पत्ते लिहायचे आणि ते जुन्या, खात्रीच्या पत्रांतून तपासून घ्यायचे. पुढच्या पायरीवर 'Star it', 'Never send it to Spam' आणि 'Categorize as' मध्ये 'Primary' निवडावे. त्यानंतर फोनवर जीमेलच्या सेटिंगमध्ये खाते निवडून 'Inbox type' मध्ये 'Starred first' ठेवावे. आता फोन उघडला, की चांदणीची पत्रे सर्वांत वर आणि बाकीची खाली अशी रचना दिसते. बाईंना रोज केवळ वरचा भाग पाहायचा असतो. काम झालेल्या पत्रावरची चांदणी टिचकीने काढली, की ते खालच्या भागात जाते. त्यामुळे वरच्या यादीत फक्त शिल्लक कामे उरतात.

या युक्तीचेही दोन धोके आहेत. बँकेने पाठवण्याचा पत्ता बदलला, तर चांदणी उमटणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा खालची यादी आणि 'Spam' हा भाग चाळावा. 'Spam' मधील पत्रे ३० दिवसांनंतर आपोआप पुसली जातात. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. गाळणी केवळ पाकिटावर लिहिलेला पत्ता जुळवून पाहते. कोणी तो पत्ता बनावटपणे वापरून पत्र पाठवले आणि ते वाटेत अडले नाही, तर त्यावरही चांदणी उमटू शकते. चांदणी म्हणजे 'आधी पाहा', 'खरे माना' नव्हे. पासवर्ड, सांकेतिक क्रमांक किंवा घाईने पैसे भरण्याची मागणी करणाऱ्या पत्राला चांदणी असली, तरी उत्तर देऊ नये.

संगणकावर वाचणाऱ्यांसाठी

संगणकावर 'Ctrl' ही कळ दाबून धरून अधिक चिन्हाची कळ दाबली, की पान मोठे होते. बहुतेकांना १२५ ते १५० टक्के पुरेसे ठरते. त्यापुढे डावीकडची पट्टी यादीची जागा खाऊ लागते. सेटिंगमधील 'Button labels' मध्ये 'Text' निवडल्यास पत्रावरची चित्रचिन्हे जाऊन त्यांच्या जागी शब्द येतात. चिन्हांचे अर्थ पाठ नसलेल्यांसाठी हा मोठाच दिलासा असतो. 'Snippets' बंद केले, तर यादीत विषयापुढची करड्या अक्षरांची शेपटी दिसत नाही. 'Keyboard shortcuts' बंदच असावेत. ते सुरू असताना यादीवर असताना चुकून एखादी कळ दाबली गेली, तरी पत्र जागेवरून हलू शकते. 'Undo Send' ची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, म्हणजे चुकीच्या व्यक्तीला गेलेले पत्र मागे घेण्यास वेळ मिळतो. 'Default text style' या पर्यायाबाबत मात्र गैरसमज आढळतो. त्याने केवळ आपण लिहिलेल्या पत्राची अक्षरे बदलतात. आलेली पत्रे तशीच राहतात.

पाठवणाऱ्यांची जबाबदारी

वाचणाऱ्याने एवढे सर्व करूनही चित्ररूपी पत्र मोठे होत नाही आणि फिकट करड्या अक्षरांतील अट वाचता येत नाही. हा दोष पाठवणाऱ्याचा असतो. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या निकषांनुसार मजकूर काही न हरवता २०० टक्क्यांपर्यंत वाढवता आला पाहिजे आणि साधी अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असले पाहिजे. भारतात याच धर्तीवर आयएस १७८०२ हे मानक तयार करण्यात आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. ते प्रकरण अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिबाधितांना ग्राहक ओळख पडताळणीत येणाऱ्या अडचणींचे होते. ज्याला पत्र वाचता येत नाही, त्याचा प्रश्न त्यापासून फार दूरचा नाही. एखाद्या बँकेची पत्रे सातत्याने चित्ररूपातच येत असतील, तर साध्या मजकुरात पत्र पाठवण्याची लेखी मागणी शाखेकडे करता येईल.

अखेरची चाचणी

सर्व बदल एकाच दिवशी केले, तर फोन अनोळखी होऊन बसतो. इंदूरच्या घरात पहिल्या दिवशी अक्षरे, दुसऱ्या दिवशी बोट फिरवण्याची सोय बंद करणे, तिसऱ्या दिवशी चांदणी आणि शेवटच्या दिवशी आवाज असा क्रम ठेवला जातो. प्रत्येक बदल बाईंच्या हातात फोन ठेवून, त्यांच्याच बोटांनी केला जातो. मुलगी फक्त शेजारी बसते.

पुण्याला परतल्यावर ती आईला एक पत्र पाठवते आणि फोनवर चारच गोष्टी विचारते : पत्र कोणाचे आहे, पत्त्याचा शेवट काय आहे, आत कोणती तारीख लिहिली आहे आणि वाचून झाल्यावर ते पत्र कुठे आहे. पहिल्या प्रश्नावर अडखळले, तर अक्षरांचा आकार पुन्हा पाहावा लागेल. दुसऱ्यावर अडले, तर बाणाची टिचकी विसरली गेली आहे. तिसऱ्यावर अडले, तर आवाजाची गती जास्त आहे किंवा पत्राची लिपी चुकली आहे. चौथ्याचे उत्तर मिळाले नाही, तर बोट फिरवण्याची सोय कुठेतरी सुरू राहिली आहे. चारही उत्तरे बरोबर आली, तर नोव्हेंबरमध्ये बँकेचे पत्र आल्यावर बाईंना ते वाचून दाखवण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागणार नाही.